एकाच व्याधीचे चार स्तंभ

आरोग्य शिबिर आटोपले की नोंदवहीतील पाने संगणकावर चढवायची, त्यांचा स्तंभालेख काढायचा आणि त्याच्या आधारे पुढील वर्षाच्या औषधांची तरतूद करायची, हा आपल्या अनेक मंडळांचा शिरस्ता आहे. स्तंभालेख डोळ्यांना चटकन पटतो. म्हणूनच तो चुकीचा असला तर चूकही चटकन पटते. ती कशी शिरते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, शिबिरात १२० रुग्ण तपासले आणि प्रत्येकाचे एकच मुख्य निदान नोंदवले. नोंदी तिघा स्वयंसेवकांनी एक्सेलमध्ये भरल्या. आलेखात सर्वांत उंच स्तंभ उच्च रक्तदाबाचा आला, ३८ रुग्णांचा. त्याखालोखाल रक्तक्षय ३२ आणि मधुमेह २६. समितीने रक्तदाबाच्या गोळ्यांना अग्रक्रम दिला. मात्र त्याच आलेखात कडेला तीन ठेंगणे स्तंभ होते : पुन्हा एकदा 'मधुमेह' ११, 'मधूमेह' ७ आणि 'डायबेटिस' ६. चारही स्तंभ एकाच व्याधीचे. त्यांची बेरीज ५० होते. म्हणजे मधुमेहच पहिल्या क्रमांकावर होता, आणि रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्या मात्र अपुऱ्या मागवल्या गेल्या.

'मधूमेह' ही ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली आणि 'डायबेटिस' हा पर्यायी शब्द. पण हुबेहूब दिसणारे दोन 'मधुमेह' वेगळे का? कारण दुसऱ्यात शब्द संपल्यावर एक मोकळी जागा टंकित झाली आहे. आपला डोळा ती वाचत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र तेही एक अक्षरच. आलेखाखाली एकच नाव दोनदा दिसले, की प्रथम हाच संशय घ्यावा. खात्रीसाठी शेजारच्या रकान्यात पुढील सूत्र लिहावे :

```
=LEN(B2)
```

'मधुमेह' या शब्दाची लांबी ६ येते, कारण काना-मात्रा-उकार स्वतंत्र मोजले जातात. ७ आली, तर मोकळी जागा लपलेली आहे. 'मधूमेह'ची लांबी मात्र ६च येते. म्हणून शुद्धलेखनाची चूक या कसोटीने सापडत नाही. त्यामुळे सफाई दोन टप्प्यांत करावी लागते.

पहिला टप्पा मोकळ्या जागांचा. `TRIM` हे सूत्र शब्दाच्या मागच्या-पुढच्या जागा काढते. परंतु मजकूर संकेतस्थळावरून उचलून चिकटवला असेल, तर त्यात 'न तुटणारी' निराळी मोकळी जागा असू शकते. तिच्यावर `TRIM` चालत नाही. ती आधी साध्या जागेत बदलून घ्यावी :

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
```

हे सूत्र C रकान्यात लिहावे. B रकान्यातील मूळ नोंदीला हात लावू नये. पुढे शंका आली तर तीच साक्षीदार असते.

दुसरा टप्पा शब्दरूपांचा. F रकान्यात आढळलेले प्रत्येक रूप एकेकदा लिहावे आणि G मध्ये त्याचे प्रमाण नाव. मग D रकान्यात :

```
=VLOOKUP(C2,$F$2:$G$40,2,FALSE)
```

सूचीत नसलेले रूप आले की `#N/A` उमटते. तो दोष समजू नये. नवे रूप आल्याची ती सूचना असते. त्यानंतरच D रकान्यावरून आलेख काढावा. आपल्या उदाहरणात सहाऐवजी तीन स्तंभ उरतील : ५०, ३८ आणि ३२. बेरीज पूर्वीइतकीच, १२० भरली पाहिजे. न भरल्यास एखादी नोंद वाटेत गळाली आहे.

ही सूची डॉक्टरांनीच तपासावी, कारण सारखे दिसणारे सारेच एक नसते. 'डायबेटिस इन्सिपिडस' ही नोंद केवळ नावसाधर्म्याने मधुमेहात घातली, तर सफाईच्या नावाखाली नवी चूक होईल. जिथे निदानच संदिग्ध आहे, तिथे मूळ केसपेपर पाहावा. तर्काने जोडू नये.

गावांच्या नावांत हीच अडचण अधिक वाढते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी शिकलेली पिढी 'बेळगांव' असे अनुस्वारासह लिहीत आली, नंतरची 'बेळगाव' लिहिते, आणि २०१४ पासून सरकारी कागदांवर 'बेळगावी' आहे. तीनही लिहिणारे आपापल्या परीने बरोबर. आलेखात मात्र एका शहराची तीन होतात. इथे कोणाचे लेखन शुद्ध हा वाद नको. मोजणीसाठी एक रूप ठरवले की पुरे.

पुढील शिबिरापूर्वी `Data Validation` मधील `List` वापरून निदानाची यादीच ठेवावी, म्हणजे स्वयंसेवकाला टंकन न करता निवड करता येईल. तरीही बाहेरून आणून चिकटवलेला मजकूर या पहाऱ्यातून निसटतो. म्हणून खरेदीची यादी करण्यापूर्वी आलेखाखालची नावे एकदा सावकाश वाचावीत आणि एकच नाव दोनदा आले आहे का, हे पाहावे.