उताऱ्याने काही उतरत नाही

हँगओव्हरवर उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती, आणि माझा राग आहे तो त्यांच्यावरच. डोकं ठणकत असलेल्या माणसाला कोणी लिंबू पिळून देतो, कोणी काळी कॉफी पाजतो, कोणी सकाळीच उताऱ्याचा पेग भरतो. दुपारी तो माणूस सावरला की श्रेय घ्यायला हीच मंडळी पुढे असतात. आता त्यांच्या जोडीला पुड्या-गोळ्या विकणारे आणि सलाईन लावून देणारेही आले आहेत. यांना हँगओव्हर म्हणजे काय असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: रात्रीची अजून उतरलेली नाही. खरी गोष्ट जवळपास उलटी आहे. रक्तातली दारू संपत येते तेव्हा हँगओव्हर सुरू होतो आणि ती पूर्ण संपते त्या सुमारास तो सर्वांत जास्त जाणवतो. दारू गेली तरी तिने केलेली मोडतोड मागे राहते, म्हणूनच हा त्रास कधीकधी पुढचे 24 तास पुरतो.

हिशेब मांडला की हे स्पष्ट होतं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये, व्हिस्की 42.8 टक्क्यांची असेल तर, साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सुमारे 70 किलोच्या माणसाचं यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. रात्री 9 वाजता सुरू केलेली क्वार्टर पहाटे 3 ते 6 च्या दरम्यान शरीरातून जाते, आणि बरोबर सकाळी उठताना डोकं धरतं. यकृताचा हा वेग लिंबाने वाढत नाही, कॉफीने वाढत नाही, थंड पाण्याच्या अंघोळीनेही वाढत नाही. आता त्याच माणसाने दोन क्वार्टर घेतल्या असं धरा. तासाला 8 ग्रॅम या वेगाने सकाळी 7 वाजता त्याच्या अंगात अजून 40 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल उरतं, म्हणजे 100 मिली रक्तात अंदाजे 80 मिलिग्रॅम. गाडी चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. झोप झाली, कॉफी झाली, आता ठीक आहे असं म्हणून त्याच्या हातात गाडीची किल्ली देणारा माणूस त्याचा हितचिंतक नव्हे.

मागे राहिलेली मोडतोड एका प्रकारची नसते, आणि एकच उपाय सगळ्याला पुरत नाही तो यामुळेच. पहिला भाग पाण्याचा. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक दारू दाबून टाकते. सुमारे 50 ग्रॅम अल्कोहोल पोटात गेलं की पुढच्या काही तासांत 600 ते 1000 मिली पाणी लघवीवाटे जाऊ शकतं. कोरडं तोंड, तहान, उभं राहिल्यावर येणारी चक्कर यांचं मूळ मुख्यतः इथे आहे. दुसरा भाग दाहाचा. दारूमुळे शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा खवळते, आणि तापाच्या दिवशी येते तशी अंगदुखी, मळमळ आणि कशातच मन न लागणं सुरू होतं. तिसरा भाग झोपेचा. दारू झोप लवकर आणते, पण उत्तररात्री ती मोडते. म्हणून आठ तास अंथरुणात काढूनही माणूस थकलेलाच उठतो. याशिवाय जठराचं अस्तर चुरचुरतं ते वेगळंच. यातला पाण्याचा भाग पाण्याने भरून निघतो. बाकीचं शरीर आपल्या वेगाने दुरुस्त करतं आणि त्याला वेळच लागतो.

यावर लगेच आक्षेप येतो: मला तर शहाळ्याने हमखास बरं वाटतं. बरं वाटतं हे मीही नाकारत नाही. शहाळं, ताक, लिंबूपाणी या सगळ्यांत पाणी आहे, थोडे क्षार आहेत, आणि तहानेचा भाग त्याने खरोखर कमी होतो. पण 10 वाजता प्यायलेल्या ग्लासाला 1 वाजता हलक्या झालेल्या डोक्याचं श्रेय द्यायचं, तर न पिता 1 वाजता काय झालं असतं हे माहीत हवं. ते तपासण्याचा मार्ग एकच: काही जणांना उपाय द्यायचा, काहींना तसाच दिसणारा पण निरुपयोगी पदार्थ द्यायचा आणि कोणाला काय दिलं हे त्यांना कळू द्यायचं नाही. असे प्रयोग झालेले आहेत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2005 साली आलेल्या आढाव्यात असे आठ प्रयोग तपासले गेले, आणि कोणताही उपाय हँगओव्हर टाळतो किंवा बरा करतो याचा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही. 2022 सालच्या आणखी मोठ्या आढाव्यालाही जो पुरावा सापडला तो अगदी कमकुवत दर्जाचा होता. तरीही पुडीवर ‘सिद्ध’ असं छापणाऱ्याला लाज वाटत नाही.

उताऱ्याच्या पेगबद्दल मात्र मी नुसतं ‘उपयोग नाही’ म्हणून थांबणार नाही. त्याने तासाभरापुरतं बरं वाटतं, कारण रक्तात पुन्हा दारू येते आणि त्रास पुढे ढकलला जातो. यकृतापुढचं काम मात्र तेवढंच वाढतं. ज्याचे हात सकाळी थरथरतात, घाम फुटतो आणि पेग घेतल्यावरच थांबतो, त्याला हँगओव्हर नसून व्यसनाची लक्षणं असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला पेग नको, डॉक्टर हवा. गोळ्यांबाबतही हात आखडता घ्या. भरपूर दारूनंतर पॅरासिटामॉल यकृतावर ताण आणतं, नेहमी पिणाऱ्यात तर जास्तच. आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आधीच चुरचुरणाऱ्या जठराला आणखी डिवचतात.

मग करायचं काय? पाणी घोटाघोटाने प्या. उलट्या झाल्या असतील तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोटात टिकेल असं साधं काही खा: मऊ भात, पेज. झोपा. पाणी तोंडावाटे पोटात राहत असेल तर सलाईनची बाटली तुमच्या शिरेपेक्षा विकणाऱ्याच्या खिशाला जास्त उपयोगी आहे. कमी प्यायलात तर हँगओव्हर कमी, हा सल्ला सगळ्यांना माहीत असतो, आणि खात्रीचा प्रतिबंध तेवढाच आहे.

एका ठिकाणी मात्र ‘वेळ जाऊ द्या’ हा माझाच सल्ला जीवघेणा ठरेल. दारूत मिथेनॉल असेल तर त्याचं विष चढायला 12 ते 24 तास लागू शकतात, त्यामुळे सुरुवातीला ते हँगओव्हरसारखंच दिसतं. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. धूसर किंवा पांढुरकं दिसणं, पोटात तीव्र कळा, धाप लागणं, हाक मारूनही नीट जाग न येणं, यातलं एकही दिसलं तर लिंबू शोधत बसू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं, कुठून आणलं, ते न लपवता सांगा.