कपडा बदलताना ओढणी, टाय, पट्टा आणि दागिने

‘फोटोतली फक्त कुर्ती बदला, बाकी सगळे तसेच राहू द्या,’ असे सांगत तयार कपड्यांचे व्यापारी फोटो स्टुडिओत येतात. कुर्तीचा काप एकच, नक्षी सहा प्रकारची. प्रत्येक कुर्तीसाठी मॉडेलला पुन्हा उभे करणे परवडत नाही. म्हणून मॉडेलचा एकच फोटो काढायचा, सहाही कुर्त्या पुतळ्यावर चढवून त्याच बाजूने, त्याच उजेडात टिपायच्या आणि फोटोशॉपमध्ये एकेक करून मॉडेलच्या अंगावर बसवायच्या, अशी रीत पडली आहे.

यात कुर्ती बसवणे हे अर्धेच काम आहे. काम बिघडते ते ‘बाकी सगळे’ राखताना. ओढणी कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते, हाराच्या मण्यांमधून जुन्या कुर्तीचा रंग डोकावतो आणि गिऱ्हाईक एका नजरेत ओळखते की फोटो जोडलेला आहे. मग त्याचा मालावरचाही भरवसा उडतो.

म्हणून जुना कपडा काढण्याआधी प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू कशावर टेकली आहे? अंगावर, कपड्यावर, की ती कपड्याचाच भाग आहे? कानातले आणि बांगड्या अंगावर असतात. कपडा बदलला तरी त्यांना सहसा हात लावावा लागत नाही. ओढणी आणि लांब हार कपड्यावर टेकतात. ते वेगळे काढून नव्या कपड्यावर पुन्हा ठेवावे लागतात. टाय आणि पट्टा मात्र कपड्यातच गुंतलेले असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

आता एक उदाहरण घेऊ. मॉडेलने निळी कुर्ती घातली आहे, खांद्यावर पांढरी सुती ओढणी आहे आणि गळ्यात मण्यांचा हार आहे. निळ्याच्या जागी हिरवी कुर्ती बसवायची आहे.

प्रथम मूळ फोटोची प्रत करून घ्यावी. मूळ फोटोला शेवटपर्यंत हात लावू नये. नंतर Pen Tool ने ओढणीची कड बारकाईने आखून निवड करावी, कड अर्धा ते एक पिक्सेल मऊ करावी आणि Ctrl+J दाबावे. ओढणी स्वतंत्र लेयरवर येते. हाराचेही तसेच करावे. मात्र हाराची केवळ बाहेरची कड आखून भागत नाही. मण्यांमधल्या फटींत जुनी निळी कुर्ती दिसत असते. त्या फटीही आखून काढून टाकाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण बहुतेक फोटो याच ठिकाणी पकडले जातात.

नवा गळा जुन्यापेक्षा बंद असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. हाराचा जो भाग आधी कातडीवर होता, तो आता कापडावर येतो. म्हणून हार पूर्ण वेगळा काढावा, अर्धा अंगाबरोबर ठेवू नये. उलट नवा गळा जास्त मोठा असेल, तर खालची कातडी मूळ फोटोत नसतेच. अशी कुर्ती त्या फोटोवर बसवण्याचा हट्ट धरू नये.

आता रचना खालून वर अशी लागते : अंग, हिरवी कुर्ती, सावली, हार आणि सर्वांत वर ओढणी. यातील सावली विसरली जाते. ओढणीची सावली जुन्या कुर्तीवर पडलेली होती, ती कुर्तीबरोबर गेली. म्हणून कुर्तीच्या वर एक नवा लेयर घेऊन तो Multiply वर ठेवावा आणि मऊ ब्रशने ओढणीच्या कडेलगत फिकट सावली भरावी. सावली कोणत्या बाजूला टाकायची ते मॉडेलच्या नाकाच्या सावलीवरून ठरवावे. कापड अंगाला चिकटून असेल तेथे सावली अरुंद आणि गडद, सुटे लोंबत असेल तेथे रुंद आणि फिकट.

शेवटी राहतो जुना रंग. निळ्या कुर्तीचा उजेड पांढऱ्या ओढणीच्या आतल्या कडेवर पडलेला असतो. हिरव्या कुर्तीवर ती निळसर कड लगेच खटकते. Hue/Saturation मध्ये तेवढ्या कडेचा रंग उतरवावा.

ओढणी शिफॉनची किंवा जाळीची असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, कारण जुना निळा रंग तिच्या आरपार सर्वत्र दिसत असतो. यावर उपाय फोटो काढण्याआधीच करायचा असतो. मॉडेलला मूळ फोटोत साधी पांढरी कुर्ती घालावी. पांढऱ्यावर काढलेली रंगीत शिफॉन वेगळी करून तिचा लेयर Multiply वर ठेवला, की खालची नवी कुर्ती तिच्यातून खरोखरीसारखी दिसते. पांढरी शिफॉन मात्र Multiply मध्ये जवळजवळ नाहीशी होते. तिच्यासाठी नव्या कुर्तीवर फोटो पुन्हा काढणेच बरे.

टायची गोष्ट निराळी. टायचा फेरा कॉलरच्या घडीखाली असतो, गाठ कॉलरच्या दोन टोकांच्या मध्ये बसते आणि कोट असेल तर त्याचा काठ टायवर येतो. सदरा बदलताना जुनी टाय वरून ठेवली, तर ती गळ्यात न बसता छातीवर लटकते. टाय राखायचीच असेल तर नव्या सदऱ्याची कॉलर वेगळ्या लेयरवर घेऊन टायच्या वर आणावी. नाहीतर सदरा आणि टाय एकत्र बांधूनच पुतळ्यावर फोटो काढावा.

पट्टा कापडाला आवळतो. त्याच्या वर आणि खाली चुण्या पडतात. सपाट कपड्यावर ठेवलेला पट्टा रंगवल्यासारखा दिसतो, म्हणून नव्या कपड्यावर तोच पट्टा त्याच जागी बांधून फोटो घ्यावा. नवा सदरा विजारीच्या बाहेर सोडायचा असेल, तर पट्टा दिसणारच नाही. तो काढून टाकावा.

काम तपासताना कुर्तीच्या खाली भडक लाल रंगाचा लेयर टाकून पाहावे. राहिलेल्या फटी आणि भोके लगेच लाल दिसतात. मग चित्र आडवे उलटे करून पाहावे. डोळ्यांच्या सवयीखाली लपलेल्या चुका उघड्या पडतात.

आणि एक हिशेब दुकानाचा. फोटोत ओढणी आणि हार इतके बेमालूम बसले, की ते कुर्तीबरोबर मिळतात असे गिऱ्हाईक समजते. माल घरी पोहोचतो, पाकिटात फक्त कुर्ती निघते आणि माल परत येतो. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरात प्रत्यक्ष मालाशी जुळणारी ठेवणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. म्हणून फोटोखाली स्पष्ट लिहावे : ‘विक्रीस फक्त कुर्ती. ओढणी व हार समाविष्ट नाहीत.’ हिरव्या कुर्तीचा रंगही हातातल्या मालाशेजारी पडदा ठेवून जुळवावा. ओढणीशी शोभावा म्हणून कुर्तीचा रंग बदलणे म्हणजे दुसराच माल दाखवणे होय.