लोणारचं वय आणि दहाचे घात



आपल्या केदारखेड्याकडून जालना, मंठा करत लोणारला गेलं की उल्का आदळून झालेलं ते गोल विवर बघायला मिळतं. आतमध्ये खारं पाणी आणि भोवती काळ्या पाषाणाचा काठ. आपल्याकडे विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तोच हा बेसॉल्ट. या विवराचं वय किती, याची दोन उत्तरं वाचायला मिळतात. त्यांच्यासोबत खडकाचंही वय फळ्यावर मांडू.

विवराचं वय, पहिली मोजणी: 5.2 × 10⁴ वर्षे
विवराचं वय, दुसरी मोजणी: 5.7 × 10⁵ वर्षे
बेसॉल्ट खडकाचं वय: 6.6 × 10⁷ वर्षे

वर्गात हे लिहिलं आणि विचारलं, "पहिल्या दोन उत्तरांत किती फरक आहे?" एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, थोडासाच. पाच पॉइंट दोन आणि पाच पॉइंट सात." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आजचा पाठ याच चुकीवर आहे.

संख्या कशी वाचायची?

5.7 × 10⁵ याचं वाचन "5.7 गुणिले 10 चा 5 वा घात" असं करायचं. यात दोन भाग आहेत. पुढचा 5.7 हा गुणक. तो नेहमी 1 किंवा 1 पेक्षा मोठा, पण 10 पेक्षा लहान असतो. मागचा 5 हा घातांक. संख्या किती मोठी, हे मुख्यतः घातांक सांगतो. गुणक फक्त बारकावा सांगतो.

आपल्याला एक सोय आहे. 10³ म्हणजे हजार, 10⁵ म्हणजे लाख, 10⁷ म्हणजे कोटी. म्हणून 5.7 × 10⁵ म्हणजे सरळ 5.7 लाख, म्हणजेच 5,70,000. 6.6 × 10⁷ म्हणजे 6.6 कोटी. आणि 10⁴ म्हणजे दहा हजार, म्हणून 5.2 × 10⁴ म्हणजे 52 हजार.

आता बघा. एक उत्तर 52 हजार, दुसरं 5 लाख 70 हजार. हा फरक थोडासा नाही!

तुलना करताना आधी घातांक बघा

किती पट, हे काढायला भागाकार करू. गुणकाला गुणकाने भागायचं आणि घातांकांची वजाबाकी करायची.

(5.7 × 10⁵) ÷ (5.2 × 10⁴) = (5.7 ÷ 5.2) × 10⁵⁻⁴ ≈ 1.1 × 10 = 11

म्हणजे दुसरं उत्तर पहिल्याच्या सुमारे 11 पट आहे. त्या 11 मधला दहा घातांकाने दिला, गुणकाने फक्त 1.1 दिला. खडक आणि विवर यांची तुलना अशीच करा. 6.6 ÷ 5.7 हे सुमारे 1.16 आणि 10⁷⁻⁵ म्हणजे 100. खडक विवरापेक्षा सुमारे 116 पट जुना. म्हणजे उल्का आली तेव्हा हा पाषाण थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली होती.

मग 52 हजार खरं की 5.7 लाख? दोन्ही मोजण्या आघाताच्या वेळी वितळून काचेसारख्या झालेल्या खडकावर केल्या आहेत. पहिल्या पद्धतीत त्यात साठलेली ऊर्जा तापवून उजेडाच्या रूपात मोजली. दुसरीत पोटॅशियमपासून हळूहळू तयार झालेला आरगॉन वायू मोजला. प्रत्येक मोजणीत थोडं कमी-जास्त होण्याची शक्यता असते, तीही सांगितलेली आहे: पहिल्यात ± 6 × 10³ वर्षे, दुसरीत ± 4.7 × 10⁴ वर्षे. हा दुसरा आकडा नीट वाचा. 47 हजार! दुसऱ्या मोजणीतली नुसती चुकीची शक्यताच पहिल्या उत्तराच्या वयाएवढी आहे. तरीही 5.7 लाखातून 47 हजार गेले तर 5 लाख 23 हजार उरतात. ते 52 हजारांच्या जवळपासही येत नाहीत. म्हणजे या चुकीच्या शक्यता धरूनही दोन उत्तरांचा मेळ बसत नाही. नंतरची मोजणी आरगॉनची आहे, आणि आता अभ्यासक लिहितात तेव्हा बहुधा तोच आकडा घेतात.

घात खाली घसरला तर

मोबाइलवर नोट्स कॉपी करताना वर लिहिलेला घातांक अनेकदा खाली येतो आणि 5.7 × 10⁵ चं 5.7 × 105 होतं. गुणून बघा, 598.5 येतं. म्हणजे विवर सहाशे वर्षांचं! पण लोणारला सातशे वर्षांहून जुनी देवळं उभी आहेत, काही तर विवराच्या आतच. देऊळ विवराच्या आधीचं कसं असेल? असं विसंगत उत्तर आलं की घातांक तपासा. टाइप करताना `10^5` असं लिहावं. कॅल्क्युलेटरवर `5.7E5` दिसलं तर त्यातला `E5` म्हणजे "गुणिले 10 चा 5 वा घात".

आता लहानाकडे

याच बेसॉल्टची झीज होऊन आपल्या शेतातली काळी माती झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण 2 × 10⁻⁶ मीटर किंवा त्याहून लहान असतात. केसाची जाडी सुमारे 7 × 10⁻⁵ मीटर धरू. मोठं काय? "सहा मोठा, म्हणून मातीचा कण मोठा" असं काही जण म्हणतात. पण उणे घातांकात −6 हा −5 पेक्षा लहान.

(7 × 10⁻⁵) ÷ (2 × 10⁻⁶) = 3.5 × 10⁻⁵⁻⁽⁻⁶⁾ = 3.5 × 10¹ = 35

केस कणाच्या 35 पट जाड. दशांश रूपात लिहिताना 2 × 10⁻⁶ मध्ये दशांश चिन्हानंतर सहा शून्यं देऊ नका. 2 हा अंकच सहाव्या जागी येतो, म्हणून आधी पाच शून्यं: 0.000002.

शेवटी मोठं आणि लहान एकत्र आणू. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. कण मीटरमध्ये आहे, म्हणून व्यासही मीटरमध्ये घेऊ: 1.8 × 10³ मीटर. एकक न बदलता भागलं तर उत्तर हजार पटीने चुकतं.

(1.8 × 10³) ÷ (2 × 10⁻⁶) = 0.9 × 10⁹

गुणक 1 पेक्षा लहान आला, म्हणून तो दहापट करायचा आणि घातांक एकाने कमी करायचा: 9 × 10⁸, म्हणजे 90 कोटी. विवराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत असे कण एका ओळीत ठेवले तर 90 कोटी लागतील.

सराव

1. पृथ्वीचं वय 4.5 × 10⁹ वर्षे धरा. ते बेसॉल्टच्या वयाच्या किती पट?
2. एका विषाणूचा व्यास 1 × 10⁻⁷ मीटर आहे. 2 × 10⁻⁶ मीटरचा मातीचा कण त्याच्या किती पट?
3. लोणारच्या दोन मोजण्यांची वजाबाकी करा. (आधी दोन्हींचे घातांक सारखे करा: 5.7 × 10⁵ = 57 × 10⁴)

उत्तरं: 1) सुमारे 68 पट 2) 20 पट 3) 5.18 × 10⁵ वर्षे