प्रवेशपात्रतेचा परिच्छेद : एका माहितीपत्रकाचे पुनर्लेखन

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांची माहितीपत्रके घरोघर जातात. त्यांतील प्राचार्यांचे मनोगत किंवा वसतिगृहाचे वर्णन वाचले न गेले तरी कोणाचे काही बिघडत नाही. 'प्रवेशपात्रता' या मथळ्याखालचा परिच्छेद मात्र चुकीचा वाचला गेला, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया जाऊ शकते. हा परिच्छेद बहुधा शासकीय आदेशांतील वाक्ये एकापुढे एक जोडून तयार झालेला असतो. त्यात खोटे काही नसते. परंतु वाचणाऱ्याला आपण पात्र आहोत की नाही, हे त्यावरून ठरविता येत नाही. असा एक नमुना घेऊन तो कसा सुधारता येईल, हे येथे पाहू.

गोव्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाच्या ६० जागा आहेत, असे समजू. नमुन्यातील सर्व आकडे उदाहरणापुरते आहेत; प्रत्यक्ष आकडे त्या त्या वर्षीच्या आदेशावरूनच घ्यावयाचे असतात. मूळ परिच्छेद असा :

"उमेदवार उच्च माध्यमिक परीक्षा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण असणे आवश्यक असून त्यास किमान ४५ टक्के गुण असावेत (राखीव वर्गांस नियमानुसार सवलत), तथापि प्रवेश गुणवत्तेनुसार व शासनाच्या प्रचलित आरक्षण धोरणानुसार देण्यात येतील, गतवर्षी प्रवेश ७१ टक्क्यांवर बंद झाले होते. सर्व आवश्यक कागदपत्रे १५ जूनपूर्वी सादर करावीत, अन्यथा अर्जाचा विचार होणार नाही."

गुणांचे दोन आकडे

या परिच्छेदात ४५ आणि ७१ असे दोन आकडे आहेत. पहिला पात्रतेचा आहे : त्याहून कमी गुण असलेल्याचा अर्जच घेतला जाणार नाही. दुसरा गतवर्षी प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा आहे. तो नियम नव्हे, ती केवळ एक घडलेली गोष्ट होय. यंदा अर्ज कमी आले तर तो आकडा खाली येईल, जास्त आले तर वर जाईल. दोन्ही आकडे एकाच वाक्यात आल्यामुळे ६० टक्के मिळविलेला विद्यार्थी '७१ पाहिजेत' असे समजून अर्जच करीत नाही, आणि ४६ टक्क्यांचा विद्यार्थी 'पात्र आहे म्हणजे प्रवेश मिळणार' असे समजून दुसरीकडे अर्ज करावयाचे सोडून देतो. म्हणून हे दोन आकडे निरनिराळ्या मथळ्यांखाली गेले पाहिजेत, आणि दुसऱ्यासोबत 'यंदा हा आकडा बदलू शकतो' हे वाक्य छापले पाहिजे.

टक्केवारीतही एक अडचण आहे. ६०० पैकी २६९ गुण म्हणजे ४४.८३ टक्के. हे ४५ धरावयाचे की नाही? परिच्छेद त्याविषयी काहीच बोलत नाही. मग प्रवेश खिडकीवरील एक कर्मचारी पूर्णांकात धरतो आणि दुसरा धरीत नाही. 'किमान ४५ टक्के, म्हणजे ६०० पैकी २७० गुण. अपूर्णांक वाढवून धरला जाणार नाही' असे लिहिले की हा वाद संपतो. हे गुण सर्व विषयांचे की केवळ विज्ञान विषयांचे, हेही त्याच वाक्यात सांगावे.

'असावेत' या क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. मराठीत 'असावेत' हे कधी अट असते, कधी अपेक्षा. अट सांगावयाची असेल तर 'असलेच पाहिजेत' किंवा 'नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही' असे लिहावे.

'सवलत' या शब्दात दडलेल्या तीन गोष्टी

'राखीव वर्गांस नियमानुसार सवलत' हे शब्द वाचून एक पालक राखीव जागा समजतो, दुसरा पात्रतेच्या गुणांतील सूट समजतो आणि तिसरा शुल्कमाफी. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांसाठी लागणारे दाखलेही एकच असतील असे नाही. म्हणून 'सवलत' हा शब्द एकटा कधीच वापरू नये.

'राखीव वर्ग' या शब्दाऐवजी प्रत्येक वर्गाचे नाव आणि त्यापुढे जागांची संख्या द्यावी. केवळ टक्केवारी पुरत नाही, कारण ६० जागांचे १२ टक्के म्हणजे ७.२ होतात आणि त्यातून सात जागा की आठ, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्या उदाहरणात अनुसूचित जातींसाठी २ टक्के, अनुसूचित जमातींसाठी १२, इतर मागास वर्गांसाठी २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के धरू. त्यांच्या जागा अनुक्रमे १, ७, १६ आणि ६ होतात. एकूण ३० राखीव आणि ३० खुल्या.

याखेरीज दिव्यांगांचे आरक्षण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय व शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ठेवावयाच्या असतात, आणि त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. या ६० पैकी तीन जागा होत. परंतु त्या वरील साठांत मिळवावयाच्या नसतात. दिव्यांग विद्यार्थी ज्या वर्गाचा असेल, त्याच वर्गात त्याची जागा मोजली जाते. हे एक वाक्य नसले, तर वाचणारा बेरीज ६३ करतो आणि माहितीपत्रक चुकले असे समजतो.

आणखी एक गैरसमज दूर करावा लागतो. खुल्या जागा म्हणजे राखीव वर्गाबाहेरच्यांच्या जागा नव्हेत. त्या सर्वांसाठी गुणानुक्रमे असतात. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्याने खुल्या यादीत येण्याइतके गुण मिळविले तर त्याला खुली जागा मिळते, आणि त्याच्या वर्गाची राखीव जागा दुसऱ्यासाठी शिल्लक राहते.

सीमाभागातील वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या असतात. एका राज्यात मिळालेला दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने आपोआप सोबत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली वैद्यकीय प्रवेशाच्याच एका प्रकरणात ठरविले आहे. बेळगाव किंवा खानापूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला हे जुलैत प्रवेश खिडकीवर कळण्यापेक्षा एप्रिलमध्ये माहितीपत्रकातच कळलेले बरे.

तारीख म्हणजे नेमके काय

'१५ जूनपूर्वी' याचा शब्दशः अर्थ १४ जून हा शेवटचा दिवस, असा होतो. '१५ जूनपर्यंत' म्हटले तर पंधरा तारीख धरली जाते. '१५ जूनच्या आत' म्हटले की निम्मे लोक ती धरतात, निम्मे धरीत नाहीत. शिवाय १५ जून २०२५ रोजी रविवार होता. अशा दिवशी कार्यालय बंद असल्यास काय, याचाही उल्लेख नसतो. म्हणून वार, तारीख, वर्ष आणि वेळ या चारही गोष्टी लिहाव्यात, आणि कागद त्या वेळेपर्यंत टपालात पडला पाहिजे की कार्यालयात पोहोचला पाहिजे, हेही सांगावे.

कागदपत्रांना खरे तर दोन तारखा असतात : दाखला कोणत्या काळासाठी वैध आहे ती, आणि तो सादर करण्याची. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला एका आर्थिक वर्षापुरता असतो. मार्चमध्ये काढलेला दाखला ३१ मार्चला संपतो आणि जूनमध्ये उपयोगी पडत नाही. इतर मागास वर्गाच्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्याखेरीज उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही लागतो, आणि तो उत्पन्नावर अवलंबून असल्यामुळे कोणत्या काळातला चालेल ते सांगावे लागते. 'सर्व आवश्यक कागदपत्रे' या तीन शब्दांनी यातले काहीच कळत नाही.

नवा परिच्छेद

आता तोच मजकूर असा लिहिता येईल :

१. कोण अर्ज करू शकतो : विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी. सर्व विषय मिळून ६०० पैकी किमान २७० गुण असलेच पाहिजेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग व दिव्यांग यांच्यासाठी किमान २४० गुण. अपूर्णांक वाढवून धरला जाणार नाही. एवढे गुण असले म्हणजे अर्ज करता येतो. प्रवेश निश्चित होत नाही.

२. जागा : एकूण ६०. खुल्या ३०, अनुसूचित जाती १, अनुसूचित जमाती ७, इतर मागास वर्ग १६, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक ६. यांतीलच ३ जागा दिव्यांगांच्या. खुल्या जागा सर्वांसाठी गुणानुक्रमे. परराज्यातील जातीचा दाखला असलेल्याने खुल्या जागेसाठी अर्ज करावा.

३. गतवर्षी शेवटचा प्रवेश : खुल्या यादीत ४२६ गुणांना, अनुसूचित जमातींच्या यादीत २५२ गुणांना. (येथे प्रत्येक वर्गाचा आकडा द्यावा.) यंदा हे आकडे बदलू शकतात.

४. कागदपत्रे : सर्वांसाठी गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला. राखीव जागेसाठी जातीचा दाखला. इतर मागास वर्गासाठी त्याशिवाय उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी चालू आर्थिक वर्षाचा दाखला. दिव्यांगासाठी टक्केवारी नमूद असलेले प्रमाणपत्र.

५. मुदत : सोमवार, १५ जून २०२६, सायंकाळी ५ पर्यंत अर्ज व कागदपत्रे कार्यालयात पोहोचली पाहिजेत. दाखला हाती आला नसेल तर त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच जोडावी आणि मूळ दाखला सोमवार, २२ जून २०२६, सायंकाळी ५ पर्यंत आणून द्यावा. तोही न आल्यास अर्ज खुल्या जागेसाठी धरला जाईल; त्यासाठीही किमान २७० गुण लागतील.

शेवटच्या दोन वाक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मुदत चुकल्यास काय होईल हे प्रत्येक मुदतीसोबत सांगितलेच पाहिजे. अर्ज पूर्ण बाद होणे आणि तो खुल्या यादीत जाणे यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

छापण्यापूर्वीची कसोटी

मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी तीन उदाहरणे लिहून तो प्रवेश समितीबाहेरच्या तिघांना, शक्य तर एका पालकाला, एका शिक्षकाला आणि एका कार्यालयीन कर्मचाऱ्याला, द्यावा. पहिले : काणकोणची अनुसूचित जमातीची विद्यार्थिनी, गुण २५८. दुसरे : पेडण्याचा इतर मागास वर्गातील विद्यार्थी, गुण ४३०, उन्नत गटाविषयीचा दाखला अद्याप हाती नाही. तिसरे : कर्नाटकातील अनुसूचित जातीचा दाखला असलेला खानापूरचा विद्यार्थी, गुण २६५.

जुन्या परिच्छेदावरून पहिलीला ४५ टक्के नाहीत म्हणून घरी बसविले गेले असते. नव्यावरून ती पात्र ठरते, आणि गतवर्षीचा तिच्या वर्गाचा आकडा पाहता तिने अर्ज करणे शहाणपणाचे आहे, हेही दिसते. दुसऱ्याने पोच जोडावी. दाखला वेळेत न आला तरी त्याचे गुण खुल्या यादीत स्पर्धेला पुरेसे आहेत. तिसऱ्याने अर्ज करू नये, कारण खुल्या जागेसाठी त्याला पाच गुण कमी पडतात. त्याने वेळीच दुसरे महाविद्यालय पाहावे. तिघा वाचकांची तिन्ही उत्तरे जुळली तर परिच्छेद छापण्यास योग्य आहे. एका उत्तरातही फरक पडला, तर तो कोणत्या वाक्यामुळे पडला हे त्यांनाच विचारावे आणि ते वाक्य बदलावे.