दीड लाख, पण कशासकट?

भाचीच्या नव्या घरात स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करून घ्यायच्या आहेत. तिने तीन दुकानांकडून कोटेशन मागवली आणि ती घेऊन मावशीकडे आली. मावशी कर सल्लागाराच्या कार्यालयातून निवृत्त झालेली. बिलं तपासण्यात तिची बरीच वर्षं गेली आहेत.

भाची : मावशी, हिशोब सोपा आहे. तिघांतला सगळ्यात कमी आकडा घ्यायचा. पहिल्या दुकानाने १,५०,००० लिहिलेत. दुसऱ्याने १,६५,००० आणि पुढे ‘जीएसटीसह’. तिसऱ्याने १,३८,००० आणि खाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’. म्हणजे तिसरं स्वस्त, नाही का?

मावशी : तिसऱ्यात कर मिळव आधी. ट्रॉल्यांसारख्या फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे.

भाची : १,३८,०००चे १८ टक्के म्हणजे २४,८४०. एकूण १,६२,८४०. अरे, म्हणजे दुसऱ्यापेक्षा जेमतेम दोन हजारांनी कमी. मग पहिलंच बरं की, दीड लाखाचं.

मावशी : त्या कागदावर कराबद्दल काय लिहिलंय?

भाची : काहीच नाही. नुसता आकडा, सही आणि शिक्का.

मावशी : मग तुझ्या हातात अजून किंमत आलेलीच नाही. दीड लाखात कर धरला असेल, तर ते तिघांत सगळ्यात स्वस्त. धरला नसेल, तर २७,००० वर चढतील आणि १,७७,००० होतील, म्हणजे तिघांत सगळ्यात महाग. एकच कागद पहिला येतो की शेवटचा, हे न लिहिलेल्या एका शब्दावर ठरतंय.

भाची : पण दुकानदाराने एवढी महत्त्वाची गोष्ट लिहिली का नसेल? मुद्दाम?

मावशी : कधी मुद्दाम, कारण छोटा आकडा डोळ्यांत भरतो. पण बऱ्याचदा सवयीने. ज्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः बिल्डर किंवा कंपन्या असतात, ते कर सोडूनच भाव सांगतात. खरेदी करणारा स्वतः जीएसटी नोंदणीतला असला, की दिलेल्या कराची बऱ्याचदा त्याला वजावट मिळते, म्हणून तो कराआधीच्याच भावांची तुलना करतो. तुझ्यासारखं घरगुती गिऱ्हाईक मात्र कर शेवटपर्यंत स्वतःच्या खिशातून भरतं. दुकानदार व्यापाऱ्याशी बोलतो तसा तुझ्याशी बोलला, आणि तू घरच्यासारखं ऐकलंस.

भाची : कायद्याने सांगायला हवं ना पण? बिस्किटाच्या पुड्यावर तर ‘सर्व करांसहित’ असं छापलेलं असतं.

मावशी : तो नियम पाकीटबंद मालाचा. त्यावरची एमआरपी करांसहितच असते, तिच्यावर आणखी कर लावता येत नाही. तुझ्या ट्रॉल्या मापाने बनणार, त्यांना एमआरपी कुठली? पक्क्या बिलात कराची रक्कम वेगळी दाखवावी लागते, पण कोटेशन म्हणजे बिल नव्हे.

भाची : या कोटेशनमध्ये चिमणीसुद्धा आहे. ती खोक्यातून येते ना?

मावशी : बरोबर पकडलंस. चिमणीच्या खोक्यावर एमआरपी असणार. दुकानदाराने तिचा भाव आणि वर जीएसटी असं लावलं, तरी दोन्ही मिळून एमआरपीच्या पुढे जाता कामा नये. सवलतीच्या मालाचंही तसंच. अमुक टक्के सवलत म्हणून जाहिरात करायची आणि सवलतीच्या किमतीवर वरून कर लावायचा, या प्रकाराला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७मध्ये दिशाभूल म्हटलं होतं.

भाची : म्हणजे ट्रॉल्यांच्या दीड लाखाचे अर्थ दोन. एक १,५०,००० आणि एक १,७७,०००.

मावशी : तिसराही आहे. दुकान छोटं असेल आणि त्याने कंपोझिशन योजना घेतली असेल, तर त्याला तुझ्याकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. तो आपल्या उलाढालीवर ठरलेला थोडा कर स्वतः भरतो. अशा दुकानाचं बिल ‘बिल ऑफ सप्लाय’ असतं आणि कर घ्यायचा अधिकार नसल्याचं त्यावर लिहावं लागतं. नोंदणीच नसलेल्या सुताराचंही तेच. दोघांकडेही दीड लाख म्हणजे दीड लाखच. नोंदणी नसताना कोणी जीएसटी म्हणून पैसे मागितले, तर ते बेकायदा.

भाची : हे ओळखायचं कसं?

मावशी : शिक्क्यात जीएसटी क्रमांक आहे का बघ. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असला तर सुरुवात २७ने. www.gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये तो टाकला, की दुकान नेहमीच्या नोंदणीतलं आहे की कंपोझिशनमधलं, ते दिसतं.

भाची : दिसला. Regular लिहिलंय. म्हणजे कर लागणारच, आणि १,७७,००० हेच खरं.

मावशी : घाई झाली. कर लागणार, एवढंच कळलं. तो दीड लाखाच्या आत आहे की बाहेर, ते अजून कळलं नाही. गोल आकडा आहे म्हणजे कर धरलाच असेल, असंही समजू नकोस. चौरस फुटाच्या दराने हिशोब मांडला असेल, तर बऱ्याचदा कर बाहेर असतो. पण हे सगळे अंदाज. अंदाजावर आगाऊ रक्कम द्यायची नाही.

भाची : समजा आत असेल, तर करातले पैसे किती? दीड लाखाचे १८ टक्के २७,०००, ते वजा केले की मालाचे १,२३,०००.

मावशी : उलटा ताळा करून बघ. १,२३,०००वर १८ टक्के लाव.

भाची : २२,१४०. एकूण १,४५,१४०. दीड लाख होत नाहीत! ४,८६० कुठे गेले?

मावशी : गेले नाहीत, तू १८ टक्के चुकीच्या रकमेवर काढलेस. कर मालाच्या किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. माल शंभराचा असेल तर एकूण ११८ होतात. म्हणून आत धरलेला कर काढताना एकूण रकमेला १८ने गुणायचं आणि ११८ने भागायचं. दीड लाखात कर निघतो सुमारे २२,८८१ आणि माल १,२७,११९. यावर १८ टक्के लावलेस, की दीड लाख जुळतात. बिलात हा कर नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा अशा दोन ओळींत दिसेल. दोन्ही मिळून अठराच, वेगळं काही नाही.

भाची : बरं. आता दुकानदाराला फोन करते आणि विचारते, जीएसटी लागतो का?

मावशी : तो ‘हो’ म्हणेल. त्यातून काय कळलं?

भाची : ...काहीच नाही. कर लागतो हे तर मलाही माहीत आहे.

मावशी : म्हणून प्रश्न असा विचार : या दीड लाखात जीएसटी धरला आहे का, आणि बिलाच्या शेवटच्या ओळीत किती रक्कम येईल? फोनवर नको, लिहून विचार, म्हणजे उत्तरही लिहून येईल. त्यातच वाहतूक आणि बसवण्याचं विचारून घे.

भाची : वाहतुकीचा जीएसटीशी काय संबंध?

मावशी : दुकानदाराने माल पोचवण्याचे किंवा बसवण्याचे पैसे त्याच बिलात लावले, तर ते मालाच्या किमतीत धरले जातात आणि त्यांवरही कर लागतो. ४,०००ची वाहतूक तुला ४,७२०ला पडते.

भाची : त्याने पाच हजारांची सूट देतो म्हटलंय. तीही विचारू?

मावशी : विचार. सूट करापूर्वीच्या किमतीतून वजा झाली, तर तुझे ५,९०० वाचतात, कारण त्या पाच हजारांवरचा करही वाचतो. एकूण रकमेतून वजा झाली, तर पाचच. आणि ‘पन्नास टक्के आगाऊ’ असं म्हणतो ना, ते कशाचे पन्नास? दीड लाखाचे ७५,०००, १,७७,०००चे ८८,५००.

*(भाचीने निरोप लिहिला : “आपल्या १,५०,०००च्या कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का? वाहतूक, बसवणं आणि पाच हजारांची सूट धरून बिलाची अंतिम रक्कम किती, ते कळवावं.” अर्ध्या तासात उत्तर आलं.)*

भाची : ऐक. “जीएसटी १८ टक्के वेगळा. बसवणं धरलेलं आहे. वाहतूक ४,००० वेगळी. सूट बिलातच, कराआधी वजा करू.”

मावशी : आता मांड हिशोब. क्रम लक्षात ठेव : आधी सूट, मग वाहतूक, शेवटी कर.

भाची : दीड लाखातून पाच हजार गेले, १,४५,०००. वाहतूक चार हजार, १,४९,०००. त्यावर १८ टक्के, २६,८२०. एकूण १,७५,८२०. आणि मी सकाळपासून याला दीड लाखाचं म्हणतेय!

मावशी : दुसऱ्याचे १,६५,००० करासकट, तिसऱ्याचे १,६२,८४०. पण त्या दोघांच्या कागदावर वाहतूक आणि बसवण्याचं काय लिहिलंय?

भाची : काहीच नाही... त्यांनाही हाच निरोप पाठवते.

मावशी : पाठव. तिघांच्या शेवटच्या ओळी एकाच पायावर आल्या, की मग प्लाय कुठलं, बिजागऱ्या कुठल्या, गॅरंटी किती वर्षांची, हे बघ. दहा-बारा हजारांचा फरक मालाच्या दर्जाने सहज समर्थनीय ठरतो, पण तो दिसायला आधी करांचा घोळ बाजूला व्हायला हवा.

भाची : उत्तर येईपर्यंत पैसे बाजूला काढायचे झाले, तर किती काढू?

मावशी : जिथे कराचा उल्लेख नाही तिथे दोन्ही बेरजा लिहून ठेव आणि मोठी बेरीज धरून चाल. कमी निघाले तर हायसं वाटेल, पण छोटी धरून चाललीस तर ऐनवेळी पंचवीसेक हजार शोधावे लागतील.

भाची : आणि कोणी म्हणालं, पक्कं बिल नको असेल तर जीएसटी सोडतो?

मावशी : तर तो कर तुझा वाचत नाही, दुकानदार सरकारकडे भरायचा टाळतो. सहा महिन्यांनी ट्रॉलीचा रनर निखळला, तर आपण इथूनच घेतल्या हे दाखवायला हातात कागद नसेल. बिल घे, त्यावर त्याचा जीएसटी क्रमांक आणि कराची रक्कम वेगळी छापलेली आहे का बघ, आणि शेवटची ओळ आजच्या लेखी उत्तराशी जुळवून मगच उरलेले पैसे दे.