रविवार–बुधवारचं गणित

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस ना, की रविवारी बाजारातून पिशव्या भरभरून भाजी आणते आणि गुरुवारी फ्रीज उघडला की मेथी चिकट झालेली, कोथिंबीर पिवळी आणि स्वयंपाकाला मात्र काहीच नाही, त्यावर नीट बोलू या. दोघं सकाळी साडेआठला घराबाहेर पडता, लेकीचा डबा असतो, पोळ्यांना मावशी येतात पण भाजी-आमटी तुझ्याच हातची. अशा घरात रोज ताजा स्वयंपाक होत नाही. स्वयंपाकाचे दोन वार पक्के करावे लागतात, आणि तुझे ते आपोआपच ठरलेत: रविवार दुपार आणि बुधवार संध्याकाळ.

हे दोनच का, ते आधी समजून घे. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार दिवस चांगलं राहतं. रविवारचं बुधवार दुपारच्या डब्यापर्यंत पुरतं, बुधवारचं शुक्रवारपर्यंत. शनिवार मुद्दाम रिकामा ठेवायचा, त्याचं पुढे सांगते. आठवड्याचा सगळा स्वयंपाक रविवारीच उरकायचा म्हटलंस, तर गुरुवार-शुक्रवारचं अन्न या मर्यादेच्या पार जातं.

आता भाजीकडे ये. तू काय करतेस, तर सोमवारी काय खावंसं वाटतं, मंगळवारी काय, असा विचार करतेस. हा विचार उलटा कर. कोणती भाजी आधी खराब होते, त्या क्रमाने वार लाव. पालेभाजी सगळ्यांत आधी जाते. मेथी, पालक, चवळई रविवारी आणली तर रविवारी रात्रीच करायची, फार तर सोमवारी. त्यानंतर भेंडी. ती दोन-तीन दिवस बरी राहते, मग टोकं काळी पडतात आणि कडा चिकट होतात. गवार, फरसबी, तोंडली चार-पाच दिवस टिकतात. तोंडली जास्त राहिली तर आतून लाल होतात, ती फेकायची नाहीत, पण लगेच संपवायची. दुधी अख्खा असेल तर आठवडाभर चालतो, चिरलेला मात्र दोन दिवसांत संपवावा. फ्लॉवर आठवडा काढतो, कोबी आणि गाजर त्याहूनही जास्त. कांदे-बटाटे तर बाहेर टोपलीतच बरे, पण दोन वेगळ्या टोपल्यांत, कारण शेजारी ठेवले तर दोन्ही लवकर बिघडतात.

एवढा क्रम डोक्यात बसला की आठवडा आपोआप मांडला जातो. तुमच्या तिघांचा एक आठवडा मी तुला मांडून दाखवते.

रविवारी सकाळी लवकर बाजारात जा, ऊन चढायच्या आत. मेथीची एक जुडी, कोथिंबिरीची एक, भेंडी पाव किलो, एक मध्यम दुधी, एक छोटा कोबी, अर्धा किलो फ्लॉवर, गाजर पाव किलो, टोमॅटो अर्धा किलो. टोमॅटो घेताना निम्मे लाल घे आणि निम्मे कच्चट, म्हणजे पुढचे बुधवार-गुरुवारपर्यंत बाहेरच पिकतील. लिंबं, आलं, मिरच्या आल्याच. नारळ एक. बस, यापेक्षा जास्त घेऊ नकोस. बाजारात सगळंच ताजं दिसतं आणि हात पुढे जातो. म्हणून निघण्याआधी फ्रीज उघडून काय उरलंय ते बघ आणि मगच यादी लिही.

घरी आल्यावर मेथी निवडून ठेव आणि रात्री ताजी परतून खा. तिला फ्रीजमध्ये थांबवायचंच नाही. भेंडी पुसून, चिरून कोरडी परत, ती सोमवारच्या डब्याला. मंगळवारच्या डब्याला दुधी-चणाडाळ. मटकीची उसळही याच दिवशी कर, ती मंगळवारी रात्री आणि उरलेली बुधवारच्या डब्याला. सोमवारी रात्री वरण, कोशिंबीर आणि थोडी दुधी-चणाडाळ. तुरीचं वरण दोन दिवसांचं शिजवून साधंच ठेव आणि फोडणी जेवणाच्या वेळी घाल, म्हणजे रोज ताज्या आमटीची चव येते.

उसळीचं एक लक्षात ठेव. रविवारी उसळ हवी असेल तर मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालायला हवी. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मग रविवारी सकाळपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात लवकर येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मोड आल्यावर तशीच बाहेर ठेवू नकोस, आंबते. मोड आले आणि स्वयंपाकाला वेळ नसेल तर डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, एक-दोन दिवस निभतात.

नारळाचं आणखी महत्त्वाचं. ओलं खोबरं आणि वाटण घातलेली भाजी साध्या भाजीपेक्षा लवकर आंबते. म्हणून रविवारी उसळ बिनखोबऱ्याची शिजव आणि खोबरं खायच्या दिवशी गरम करताना घाल. नारळ एकदा फोडला की दोन दिवसांत संपवायचा. पण तो खवून छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकलास तर महिनाभर चालेल. कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटणही तसंच, वाटीच्या मापाने गोळे करून ठेव. वाटताना पाणी अगदी कमी घाल.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना छोटी खरेदी. कोथिंबीर, फळं, दही, आणि तुमच्याकडे बुधवारी मासे चालतात तर मासे. मासे त्याच रात्री, दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाहीत. चिकन आणलंस तर कच्चं फ्रीजमध्ये एक दिवसावर ठेवू नकोस, आणायचं आणि शिजवायचं. गुरुवारी तुमच्याकडे नॉनव्हेज नसतं, त्यामुळे बुधवारी रात्री संपेल एवढंच कर. त्याच शेगडीवर कोबीची भाजी गुरुवारच्या डब्याला, आणि फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा गुरुवारी रात्री आणि शुक्रवारच्या डब्याला. शुक्रवारी रात्री गाजर-टोमॅटो घालून मसालेभात किंवा खिचडी, अर्ध्या तासाचं काम.

शनिवारी ठरवून काहीच ठेवायचं नाही. उरलंसुरलं थालीपिठाच्या पिठात जातं, कोबीचे चार तुकडे, गाजर, शिळी होत आलेली कोथिंबीर. नाहीतर पिठलं-भाकरी. हा मोकळा वार असला की मधे कोणी पाहुणे आले, तुम्ही बाहेर जेवलात, तरी गाडी रुळावरून घसरत नाही. एखादा दिवस पुढे सरकला तर शनिवार तो सामावून घेतो.

आता साठवणीबद्दल, कारण बहुतेक भाजी तिथेच वाया जाते. भाजीच्या नासण्याचं मुख्य कारण ओलावा. पालेभाजी आणि कोथिंबीर धुऊन ठेवू नकोस. मुळं कापून, पिवळी पानं काढून, कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. बंद प्लास्टिकच्या पिशवीत आत थेंब जमतात आणि तिथूनच काळी पानं सुरू होतात. भेंडी ओली असेल तर आधी पुसून पसरून वाळव. गाजर-मुळ्याचा पाला काढून टाक, तो कंदातलं पाणी ओढून घेतो. मुळ्याचा पाला तर वेगळा ठेवून त्याच दिवशी भाजी कर. केळी आणि पिकलेले टोमॅटो पालेभाजीजवळ नकोत. पिकताना त्यांच्यातून एक वायू बाहेर पडतो, त्याने पाला लवकर पिवळा पडतो. बटाटे फ्रीजमध्ये ठेवले तर गोडसर होतात.

शिजवलेल्या अन्नाचं थंड होणं ही खरी काळजीची बाब. मोठ्या पातेल्यातली उसळ वरून कोमट लागते, पण मधे कितीतरी वेळ गरमच राहते. जंतूंना वाढायला तेच हवं असतं. म्हणून शेगडीवरून उतरवल्यावर ती पसरट भांड्यांत वाटून घे, किंवा पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून ढवळ. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. उन्हाळ्यात मे महिन्यात तर तासाभरातच. खाताना पूर्ण पातेलं बाहेर काढून गरम करू नकोस. लागेल तेवढंच वाटीने काढ, उकळी येईपर्यंत गरम कर, बाकीचं लगेच परत ठेव. परत परत गरम केलेली भाजी लवकर बिघडते.

भात मात्र शिळा ठेवू नकोस, निदान लेकीसाठी तरी. तांदळात एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. उरलाच तर लगेच पसरून गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. कणीकही एकाच दिवसाची भिजव, दुसऱ्या दिवसापर्यंत ती काळवंडते.

बिघडलं कसं ओळखायचं विचारशील. वरणावर फेस किंवा बुडबुडे, उसळीला तार सुटणं, आंबट वास, अशा खुणा दिसल्या तर चाखूनही बघू नकोस, टाक. पण सगळंच वासावरून कळत नाही, काही जंतू अन्नाचा रंग-वास न बदलताच त्रास देतात. म्हणून प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लाव आणि त्यावर वार लिही: रवि, बुध. रविवारचा डबा बुधवारी रात्री दिसला तर तो गेला, दिसायला कितीही चांगला असो. पावसाळ्यात वीज गेली आणि चार तासांच्या वर परत आली नाही, तरी शिजवलेल्या अन्नाला हाच नियम लाव. तेवढा वेळ दार मात्र उघडायचं नाही.

पावसाळ्यात या आराखड्यात एक बदल कर. पालेभाजी चिखलाची असते, टिकत नाही आणि महागही असते. तेव्हा रविवारी रात्रीच्या मेथीच्या जागी आणखी एक कडधान्य किंवा फणसाच्या आठळ्या, भोपळा यातलं काही घाल. चिरलेला भोपळा तीन-चार दिवसांतच संपव. एप्रिल-मे मध्ये मात्र पालेभाजी बाजारातच कोमेजलेली असते, तेव्हा दांडा कडक आणि पान ताठ असेल तेवढीच घे.

तुला कागदावर सात ओळी लिहून फ्रीजवर लावायच्या आहेत, एवढंच. प्रत्येक ओळीत डबा आणि रात्रीचं जेवण. पहिल्या आठवड्याला काही जमेल, काही नाही. काय उरलं ते शनिवारी बघ आणि पुढच्या यादीत तेवढं कमी घे. सुरुवात बाजारापासून नाही बरं का. येत्या शुक्रवारी रात्री झोपण्याआधी दोन वाट्या मटकी भिजत घाल.