जवस तेलातील लिनोलेनिक आम्लाचे प्रोटॉन एन.एम.आर.द्वारे मापन

जवसाच्या वाणांची तुलना करताना तेलातील लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण महत्त्वाचे असते. प्रोटॉन एन.एम.आर. पद्धतीत ते थोड्याशा तेलावरून मोजता येते. मात्र नमुना तयार करताना राहिलेली चूक पुढे आकड्यांत उतरते.

बियांतील तेल बहुधा हेक्झेनने काढले जाते. हे हेक्झेन निर्वाताखाली पूर्णपणे काढून टाकावे लागते. त्यानंतर २० ते ३० मिलिग्रॅम तेल ०.६ मिलिलिटर ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यातून ५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत गाळतात. साध्या क्लोरोफॉर्ममधील हायड्रोजनचा संकेत तेलाच्या संकेतांवर मात करतो, म्हणून ड्युटेरियमयुक्त द्रावक घेतात. शिवाय ड्युटेरियमच्या संकेतावरच यंत्र चुंबकक्षेत्र स्थिर ठेवते. जड पाण्यात तेल विरघळत नाही. क्लोरोफॉर्मचा उरलेला संकेत ७.२६ पीपीएमवर, म्हणजे मोजायच्या शिखरांपासून दूर पडतो, ही सोयच आहे.

त्यानंतर शिमिंग, म्हणजे नमुन्याभोवतीचे चुंबकक्षेत्र एकसारखे करणे. लिनोलेनिक आम्लाच्या टोकाचा मिथिल गट ०.९७ पीपीएमवर आणि इतर मेदाम्लांचा ०.८८ पीपीएमवर दिसतो. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर हे अंतर केवळ ३६ हर्ट्झ आहे. शिखर दोन्ही बाजूंनी सारखेच रुंद असेल तर Z1, आणि एकाच बाजूस शेपटी असेल तर Z2 सुधारून पाहावे. नळीत द्रावण कमी असल्यास किंवा कण तरंगत असल्यास मात्र कितीही शिमिंग केले तरी दोन शिखरांमधील दरी तळाला टेकत नाही.

इंटिग्रल म्हणजे शिखराखालील क्षेत्रफळ. ते प्रोटॉनांच्या संख्येच्या प्रमाणात असते. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलचे ४ प्रोटॉन ४.१ ते ४.३ पीपीएमदरम्यान येतात. त्यांचे मूल्य ४.०० ठरवले की तिन्ही मिथिल गटांची बेरीज ९ यायला हवी. समजा, ०.९७ चे इंटिग्रल ४.९५ आणि ०.८८ चे ४.०५ आले, तर ४.९५ भागिले ९ म्हणजे ५५ मोल टक्के लिनोलेनिक आम्ल.

आता त्याच तेलात हेक्झेन उरले आहे असे समजू. त्याचा मिथिल संकेतही ०.८८ जवळच येतो. तेथील इंटिग्रल ४.९५ झाले, तर बेरीज ९.९ होते आणि केवळ मिथिल गटांवरून हिशेब करणाऱ्यास ५० टक्के हाच आकडा मिळतो. चांगला वाण पाच टक्क्यांनी मागे पडतो! अशा वेळी २.३ पीपीएमवरील, कार्बोनिल गटाशेजारच्या प्रोटॉनांचे इंटिग्रल पाहावे. ते ६.०० असेल, तर जादा मिथिल मेदाम्लांचा नाही, हेक्झेनसारख्या हायड्रोकार्बनचा आहे. नमुना पुन्हा वाळवावा. तेही त्याच प्रमाणात वाढले असेल, तर तेलात मुक्त मेदाम्ले आहेत, आणि ती वाळवून जात नाहीत.